हललेल्या फोटोतले समीकरण: 13 की 15, 30 की 36?

वर्गसमीकरणे शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने एका रात्री मला फोनवर एक फोटो पाठवला. सोबतचा मजकूर असा होता: “सर, यातलं पाचवं गणित दोनदा केलं, पण दोन्ही वेळा वर्गमुळाखाली ऋण संख्या येते. माझं कुठे चुकतंय?” त्या दिवशी ती वर्गात नव्हती. मैत्रिणीने आपल्या वहीच्या पानाचा फोटो काढून तिला पाठवला होता, तिने त्याचा स्क्रीनशॉट घेतला होता आणि तो स्क्रीनशॉट माझ्याकडे आला होता. म्हणजे मूळ अक्षर तिचे नव्हते, वही तिच्यापाशी नव्हती आणि चित्र दोन-तीन वेळा आकसून माझ्यापर्यंत पोचले होते. “नीट बघून सांग, तिथे काय लिहिलं आहे?” असे तिला विचारण्यात अर्थ नव्हता, कारण तिला जे दिसत होते तेच मलाही दिसत होते.

तिने समीकरण x² − 13x − 30 = 0 असे वाचले होते. तसे वाचल्यास (x − 15)(x + 2) = 0 असे अवयव पडतात आणि मुळे 15 व −2 मिळतात. प्रश्न मात्र “मुळे p व q असल्यास √p + √q ची किंमत काढा” असा होता, आणि −2 चे वर्गमूळ वास्तव संख्यांत नाही. तिच्या गणितात चूक नव्हती. तिने वाचलेले समीकरण आणि विचारलेला प्रश्न एकमेकांशी जुळत नव्हते. मीही पहिल्या नजरेत 30 च वाचले होते, हे इथे कबूल करतो. चिन्ह बदलून + 30 केले की मुळे 3 आणि 10 येतात, दोन्ही धन असतात आणि उत्तर √3 + √10 असे लिहिता येते. तेवढे पाठवून मोकळा झालो असतो, पण √3 + √10 हे उत्तर आहे तरी कसले, असे वाटून मी थांबलो आणि फोटो पुन्हा पाहायला घेतला.

पाचव्या प्रश्नाच्या ओळीत जे निःसंशय दिसत होते आणि जे दिसत नव्हते, ते मी आधी कागदावर उतरवून घेतले. संशयित जागी चौकट ठेवली:

5. x² − 1▢x ▢ ▢▢ = 0

पहिली चौकट 3 किंवा 5 वाटत होती. दुसरीत + किंवा − होते. तिसरी पुन्हा 3 किंवा 5, आणि चौथी 0 किंवा 6. x च्या डोक्यावरच्या छोट्या खुणेवर मी वेळ घालवला नाही. प्रश्नात p आणि q अशी दोन मुळे सांगितली आहेत, त्यामुळे ती खूण वर्गाचीच असणार. ही नोंद कुठलेही गणित करण्याआधी करावी, असा माझा आग्रह असतो. एकदा मुळे काढून बसलो की डोळ्यांना सोयीचा आकडा दिसू लागतो, आणि मग चित्रातून काय कळले व गणितातून काय कळले हे वेगळे करता येत नाही.

आता फोटोकडे. चित्र मोठे करून पाहिल्यावर सर्वांत आधी नजरेत भरला तो प्रश्नक्रमांकानंतरचा ठिपका. “5.” मधला तो ठिपका ठिपका राहिलाच नव्हता. त्याची साधारण ८ पिक्सेल लांबीची आडवी, फिकट रेघ झाली होती, तर तिची जाडी २ पिक्सेलच्या आसपास होती. एका ठिपक्याचे काय झाले हे कळले की संपूर्ण ओळीचे काय झाले आहे ते कळते, कारण ओळीतली प्रत्येक रेघ अशा ठिपक्यांचीच बनलेली असते. हा फोटो केंद्रबिंदू चुकल्यामुळे अंधुक झालेला नव्हता. तसे असते तर ठिपका सगळीकडे सारखा पसरून गोल डाग झाला असता. इथे फोटो काढताना हात आडव्या दिशेने हलला होता, साधारण ६ पिक्सेल इतका.

या आडव्या हलण्याचा परिणाम सर्व रेघांवर सारखा होत नाही, आणि या प्रकरणातला सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. आडवी रेघ आडवी सरकली तर ती स्वतःवरच सरकते. तिची टोके विरळ होतात, पण मधला भाग पूर्वीइतकाच काळा राहतो. उभी रेघ आडवी सरकली तर तिची २ पिक्सेलमधली शाई सुमारे ८ पिक्सेलमध्ये वाटली जाते आणि तिचा गडदपणा जेमतेम एक तृतीयांश उरतो. परिणामी उभी रेघ दिसेनाशी होऊन तिच्या जागी राखाडी छटा उरते. फोटोतल्या 13 किंवा 15 मधला ‘1’ पाहिला तर हेच दिसत होते. तो रेघेसारखा दिसतच नव्हता, तर पेन्सिलीचा पुसलेला डाग असावा तसा दिसत होता, आणि तो ‘1’ आहे हे आपण केवळ संदर्भाने ओळखत होतो.

यावरून संशयित खुणा नेमक्या याच का आहेत, तेही उलगडते. 3 आणि 5 दोन्हींत वर, मध्ये आणि खाली असे तीन आडवे भाग असतात, आणि दोन्हींचे खालचे पोटही उजवीकडेच वळते. फरक असतो तो वरच्या अर्ध्या भागातल्या उभ्या तुकड्यात: 5 मध्ये तो डावीकडे असतो, 3 मध्ये उजवीकडे. आडव्या हलण्याने नेमका तोच तुकडा पुसला जातो. 0 आणि 6 यांच्या बाजूही उभ्या असतात, त्या विरल्या की वरचा आणि खालचा कंस तेवढे उरतात. आणि + मधली उभी रेघ विरली की उरते ती −. त्या मुलीने − वाचले यात नवल काहीच नव्हते, चित्रात ठळकपणे तेवढेच उरले होते. हात उभ्या दिशेने हलला असता तर संशयाची यादीच वेगळी झाली असती. तेव्हा = च्या दोन रेघा एकमेकींत मिसळल्या असत्या आणि वर्गमूळ चिन्हावरची आडवी रेघ कुठवर जाते ते कळले नसते.

एक पथ्य मात्र पाळावे लागते. फोन सरकण्याऐवजी जरासा वळला असेल तर पानाच्या एका कोपऱ्यात हलणे कमी आणि दुसऱ्यात जास्त असते. त्यामुळे संशयित आकड्याची तुलना शक्यतो त्याच ओळीतल्या, खात्रीच्या आकड्याशी करावी. सुदैवाने या ओळीत असे दोन आकडे होते. सुरुवातीचा 5 हा प्रश्नक्रमांक असल्याने आणि वरच्या प्रश्नाला 4 क्रमांक असल्याने निश्चितपणे 5 होता. शेवटच्या “= 0” मधला 0 ही निश्चित होता. एकाच हाताने, एकाच ओळीत, एकाच हलण्यातून गेलेले हे दोन नमुने मला आयतेच मिळाले होते.

मी चित्र करडे केले, काळ्या-पांढऱ्यातला फरक वाढवला आणि चौपट मोठे केले. फोनमधली ‘शार्प’ करणारी सोय मुद्दाम वापरली नाही. ती अस्पष्ट छटांच्या कडा ठळक करते आणि त्या भरात जिथे रेघ नव्हती तिथे रेघ उभी करते, विशेषतः स्क्रीनशॉटसारख्या आधीच दाबून लहान केलेल्या चित्रात. अशा चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोनी ठोकळे मोठे केल्यावर दिसू लागतात, आणि त्यांच्या सीमा अगदी सरळ उभ्या-आडव्या असल्याने त्या पेनाच्या रेघा वाटू शकतात. एखादी उभी कड अक्षराच्या वर-खालीही त्याच सरळ रेषेत पुढे जात असेल तर ती शाई नसून ठोकळ्याची सीमा आहे, असे समजावे.

प्रथम चिन्ह घेतले. ओळीत चिन्हे दोन आहेत: x² नंतरचे आणि x च्या सहगुणकानंतरचे. पहिल्याच्या वर आणि खाली कागद स्वच्छ होता. दुसऱ्याच्या वर आणि खाली, बरोबर मध्यभागी, राखाडी छटा होती, तिची रुंदी ‘1’ च्या डागाइतकीच होती आणि ती रेघेच्या दोन्ही बाजूंना सारख्या उंचीपर्यंत जात होती. मागच्या पानाची शाई उमटल्यामुळेही अशी छटा दिसू शकते, म्हणून तीही शक्यता तपासली. मागची शाई या पानावर इतरत्र दिसत होती, पण ती तिरक्या, तुटक तुकड्यांत होती आणि ओळींशी तिचा मेळ नव्हता. नेमकी चिन्हाच्या मध्यावर, वर-खाली समान उंचीची आणि ‘1’ इतक्याच रुंदीची छटा योगायोगाने पडली असे मानण्यापेक्षा ती + ची विरलेली उभी रेघ आहे असे मानणे जास्त पटते. इथेच चिन्हाचा निर्णय जवळजवळ झाला.

नंतर चौथी चौकट. शेवटच्या 0 मध्ये दोनच गडद पट्टे होते, एक वर, एक खाली, मधला भाग सपाट फिकट. संशयित आकड्यात खालचा पट्टा तसाच होता, पण मध्याच्या किंचित वर आणखी एक छोटा पट्टा होता, आणि सर्वांत वरचा पट्टा 0 च्या मानाने आखूड आणि उजवीकडे सरकलेला होता. 6 लिहिताना हात वरून सुरू होतो, डावीकडून खाली उतरतो आणि वर्तुळ पुरे करताना मध्यात एक आडवा कंस काढतो. मधला पट्टा त्या कंसाचा असावा. हा पुरावा + च्या पुराव्याइतका भक्कम नव्हता, कारण तो पट्टा ३-४ पिक्सेलचाच होता. तरी 6 कडे पारडे झुकले.

पहिल्या आणि तिसऱ्या चौकटीने जास्त त्रास दिला. खात्रीच्या 5 शी तुलना केली तेव्हा लक्षात आले की या मुलीची मैत्रीण 5 ची वरची आडवी दांडी वेगळी, शेवटी काढते आणि ती पोटाच्या बरीच पुढे उजवीकडे जाते. प्रश्नक्रमांकातल्या 5 वर ती दांडी सगळ्यांत काळी होती, कारण ती पूर्णपणे आडवी होती. संशयित आकड्यांपैकी एकावरही तशी पुढे आलेली दांडी नव्हती. वरच्या अर्ध्यातली छटा उजवीकडे आहे की डावीकडे, हे मात्र मला शेवटपर्यंत ठामपणे सांगता आले नाही. दोन चौकटी शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्यावर एक गोष्ट पक्की झाली: दोन्ही आकडे एकमेकांसारखे आहेत. म्हणजे दोन्ही 3 तरी आहेत किंवा, माझा दांडीचा तर्क चुकला असेल तर, दोन्ही 5. एक 3 आणि दुसरा 5 असे होण्याची शक्यता फार कमी.

इतके चित्रातून मिळाले. आता गणिताला साक्षीला बोलावायचे होते, आणि इथे बहुतेकजण जी कसोटी लावतात ती आधी लावून पाहिली: समीकरणाचे पूर्णांकी अवयव पडतात का? चित्रातले सगळे निष्कर्ष घटकाभर बाजूला ठेवले तर पहिल्या चौकटीत दोन, चिन्हात दोन आणि स्थिरपदात चार (30, 36, 50, 56) असे पर्याय होतात, म्हणजे एकूण १६ समीकरणे. विवेचक काढून प्रत्येक पाहिले. पूर्ण वर्ग सहा ठिकाणी मिळाला:

x² − 13x + 30 = (x − 3)(x − 10)
x² − 13x − 30 = (x − 15)(x + 2)
x² − 13x + 36 = (x − 4)(x − 9)
x² − 15x + 36 = (x − 3)(x − 12)
x² − 15x + 50 = (x − 5)(x − 10)
x² − 15x + 56 = (x − 7)(x − 8)

सोळांपैकी सहा. अवयव पडले म्हणजे समीकरण बरोबर वाचले, असा समज शिकवणाऱ्यांमध्येही आहे, आणि या सहा ओळी त्याला पुरेसे उत्तर आहेत. पाठ्यपुस्तकातले सहगुणक लहान असतात, आणि लहान संख्यांच्या शेजारच्या संख्यांचेही अवयव वारंवार पडतात. पहिल्या दोन ओळी तर केवळ चिन्हाने वेगळ्या आहेत: 169 − 120 = 49 आणि 169 + 120 = 289, दोन्ही पूर्ण वर्ग. त्या विद्यार्थिनीला अवयव पडले, मुळे पूर्णांक आली, म्हणून तिला वाचनाविषयी शंका आलीच नाही. जी शंका आली ती स्वतःच्या गणिताविषयी. चुकीच्या वाचनातून नीटस उत्तर आले की शोध चुकीच्या दिशेने जातो, तो असा.

अवयवांची कसोटी कमकुवत ठरली तरी प्रश्नाच्या दुसऱ्या भागाची कसोटी कमकुवत नव्हती. √p + √q विचारायचे तर दोन्ही मुळे ऋण नसावीत. त्यासाठी मुळांचा गुणाकार, म्हणजे स्थिरपद, धन हवे. यावरून − 30 बाद झाले, आणि चित्रातून स्वतंत्रपणे मिळालेल्या + ला दुजोरा मिळाला. दोन वेगळ्या वाटांनी एकच निष्कर्ष आला की मी त्यावर विसंबतो. त्यापुढे, मुळे न काढताही √p + √q काढता येते, कारण

(√p + √q)² = p + q + 2√(pq)

इथे p + q म्हणजे x च्या सहगुणकाची विरुद्ध चिन्हाची किंमत, आणि pq म्हणजे स्थिरपद. प्रश्न रचणाऱ्याला हेच सूत्र वापरून घ्यायचे असणार, नाहीतर सरळ “मुळे काढा” म्हटले असते. तसे असेल तर त्याने pq पूर्ण वर्ग घेतला असण्याचा संभव मोठा. 30, 50, 56 यांपैकी एकही पूर्ण वर्ग नाही, 36 आहे. 36 घेतल्यास 13 बरोबर वर्ग 13 + 12 = 25 येतो आणि उत्तर 5 मिळते. 15 बरोबर तो 15 + 12 = 27 येतो आणि उत्तर 3√3 मिळते.

म्हणजे रचनेच्या अंगाने दोन उमेदवार उरले, आणि 3√3 हे उत्तरही करणीच्या धड्यात शोभणारे आहे, त्यामुळे केवळ 5 हा पूर्णांक आहे म्हणून 13 निवडणे मला मान्य नव्हते. निर्णय केला तो आकडे सारखे असण्याच्या निरीक्षणाने. x² − 15x + 36 मध्ये एका चौकटीत 5 आणि दुसरीत 3 लागतो, आणि चित्रात तर दोन्ही खुणा एकसारख्या आहेत. दोन्ही 5 असतील तर स्थिरपद 50 किंवा 56 होते, आणि तिथे वर्गमूळ सुटत नाही. दोन्ही 3 आणि शेवटी 6, हे एकच वाचन चित्र आणि रचना दोन्हींना झेपत होते:

x² − 13x + 36 = 0

याला मी “जवळजवळ खात्री” म्हणेन, पूर्ण नाही. कारण “रचणाऱ्याने पूर्ण वर्ग घेतला असणार” हा अंदाज आहे. √(13 + 2√30) हे √3 + √10 असे सोडवून दाखवणारी गणितेही असतात, आणि एखाद्या शिक्षकाने मुद्दाम तेच विचारले असू शकते. ती शक्यता बाजूला सारण्याचे बळ मला त्या ३-४ पिक्सेलच्या मधल्या पट्ट्याने दिले, सूत्राने नाही.

उरलेल्या दोन शंका थोडक्यात सांगतो. पहिली, वर्गमुळाची आडवी रेघ p वरच थांबते की p + q या संपूर्ण बेरजेवर जाते? √(p + q) असते तर उत्तर √13 झाले असते. पण ही रेघ आडवी असल्याने ती या फोटोत सर्वांत स्पष्ट राहिलेल्या रेघांपैकी होती. ती p नंतर संपत होती आणि q आधी वर्गमुळाची नवी टोकदार खूण दिसत होती. दुसरी शंका गमतीची आहे. q आणि 9 हाताने लिहिताना सारखे दिसतात, आणि “मुळे p व 9” असेही वाचता येत होते. x = 9 घालून पाहिले तर 81 − 117 + 36 = 0, म्हणजे 9 खरोखरच मूळ आहे! मग उत्तर √4 + √9, तेही 5 च. अक्षर काहीही असले तरी उत्तर बदलत नाही, तेव्हा त्यावर वेळ घालवण्याचे कारण नव्हते.

रात्री तिला जे उत्तर पाठवले त्याची सुरुवात सोडवण्याने केली नाही, वाचनाने केली. “मी समीकरण x² − 13x + 36 = 0 असे वाचतो आहे. तू − 30 वाचलेस, पण फोटो आडवा हलल्यामुळे + ची उभी रेघ पुसली गेली आहे. + बद्दल मला खात्री आहे, 36 बद्दल जवळजवळ खात्री आहे. मैत्रिणीकडून तेवढी एक संख्या विचारून घे.” त्यानंतर सोडवणूक:

p + q = 13, pq = 36
(√p + √q)² = 13 + 2 × 6 = 25
√p + √q = 5

इथे एक टीप जोडली, कारण याच पायरीवर बरीच मुले ± 5 लिहितात. √p आणि √q दोन्ही धन वर्गमुळे असल्याने त्यांची बेरीज ऋण होऊ शकत नाही, म्हणून −5 घ्यायचे नाही. शिवाय √p × √q ऐवजी √(pq) लिहिता येते ते p आणि q दोन्ही धन आहेत म्हणून, आणि इथे बेरीज आणि गुणाकार धन असून विवेचक 169 − 144 = 25 हाही धन असल्याने ती अट पुरी होते. पडताळ्यासाठी मुळे काढली: 4 आणि 9, वर्गमुळे 2 आणि 3, बेरीज 5. 30 निघाले तर उत्तर √3 + √10 होईल, हेही एका ओळीत लिहून ठेवले.

नवा फोटो कसा काढायचा तेही कळवले. वही टेबलावर सपाट ठेवावी, दोन्ही कोपरे टेबलावर टेकवून फोन पानाला समांतर धरावा, प्रकाश पुरेसा असावा म्हणजे चित्र टिपायला कमी वेळ लागतो आणि हात हलण्याला वावच राहत नाही, आणि चित्र ‘फोटो’ म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे म्हणजे ते वाटेत आकसत नाही.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीने काढलेला नवा फोटो आला. + होते, 13 होते, 36 होते, अक्षर q होते. पण पहिल्या फोटोत नसलेली एक ओळ त्यात होती. पाचव्या प्रश्नाखाली “तसेच p√p + q√q ची किंमत काढा” असे लिहिलेले होते, आणि आधीच्या फोटोत ते खालच्या कडेला कापले गेले होते. त्या कडेवर अक्षरांची काही डोकी दिसत होती खरी. ती मी सहाव्या प्रश्नाची सुरुवात समजून सोडून दिली होती, आणि समासात 6 हा क्रमांक दिसतो का हे पाहिले नव्हते. तो तिथे नव्हता. ती ओळ आधी दिसली असती तर 36 बद्दलची खात्री वाढली असती, कारण इथेही √(pq) लागतो. 13 की 15 हा वाद मात्र तिने मिटवला नसता, कारण 15 घेतल्यास याचे उत्तर 27√3 येते आणि तेही नीटसच आहे. √p ला a आणि √q ला b म्हटले की विचारलेली राशी a³ + b³ होते, आणि a + b = 5, ab = 6 हे आपल्या हातात आहेच:

a³ + b³ = (a + b)³ − 3ab(a + b) = 125 − 90 = 35

तिने हे स्वतः सोडवून पाठवले, आणि खाली 4 × 2 + 9 × 3 = 35 असा पडताळाही लिहिला होता.